जूनमध्ये दिल्लीत मुंबईपेक्षा लवकर का उजाडतं?

प्रश्न: दिल्ली-मुंबईचं घड्याळ एकच, मग जूनमध्ये दिल्लीत अर्धा तास आधी उजाडतं आणि संध्याकाळी सूर्य मात्र दोन्हीकडे जवळपास सोबतच मावळतो, असं का?

उत्तर: इथे दोन गोष्टी एकावर एक चढतात.

पहिली रेखांशाची. दिल्ली मुंबईच्या पूर्वेला साधारण सव्वाचार अंश आहे आणि एका अंशाला सूर्य 4 मिनिटं घेतो, म्हणजे दिल्लीचा सगळा दिवसच, उगवणं, माध्यान्ह, मावळणं, मुंबईच्या 17 मिनिटं पुढे, आणि हे वर्षभर तसंच राहतं.

दुसरी अक्षांशाची, आणि खरी मजा इथेच आहे. मुंबई 19 अंशावर, दिल्ली साडेअठ्ठावीसवर, त्यामुळे 21 जूनला दिल्लीचा दिवस जवळजवळ 14 तासांचा आणि मुंबईचा सव्वातेरा. हा जास्तीचा पाऊण तासाला थोडा कमी असा वेळ दोन्ही टोकांना वाटला जातो, सकाळी 20 मिनिटं, संध्याकाळी 20. मग सकाळी 17 आणि 20 ची बेरीज होते, दिल्लीत 5:24 ला सूर्योदय, मुंबईत 6 वाजून गेल्यावर. संध्याकाळी मात्र 17 मिनिटं आधी आणि 20 मिनिटं उशिरा, वजाबाकी होऊन दोन्हीकडे 7:20 च्या आसपास.

डिसेंबरमध्ये बरोब्बर उलटं बघा, दिल्लीचा दिवस आखडतो, सकाळी दोन्हीकडे 7:10 च्या सुमारास सूर्य उगवतो पण दिल्लीत साडेपाचलाच मावळतो, मुंबईत सहा वाजून गेल्यावर.

नुसता रेखांशाचा फरक बघायचा असेल तर 21 मार्चच्या आसपासच्या वेळा काढा, तेव्हा दिवस सगळीकडे सारखाच असतो.