रक्तगट पाहिलात, आता त्याच रिपोर्टच्या वरच्या ओळी वाचा

प्रिय माई,

माझी मुलगी २७ वर्षांची, एम.कॉम., नाशिकला बँकेत आहे. आमच्याच जातीतलं, मूळ चंद्रपूरकडचं स्थळ आलं आहे. मुलगा पुण्यात नोकरीला. पगाराची पावती पाहिली, फ्लॅट पाहिला, माझ्या दिरांनी त्याच्या सोसायटीत आणि ऑफिसात चौकशी केली. निर्व्यसनी, शांत मुलगा आहे. मुलांनाही एकमेकं पसंत आहेत. अडलंय ते पत्रिकेत. तिचं नक्षत्र रोहिणी, त्याचं रेवती. गुण अठराच्या वर आहेत, पण दोघांची नाडी अंत्य. आमचे गुरुजी म्हणतात, एकनाडीला संततीचा त्रास होतो, शांती करावी लागेल. माझा भाऊ म्हणतो, या नक्षत्रांना परिहार आहे, शिवाय रक्तगट वेगळे असले की नाडीदोष लागतच नाही. म्हणून तिचा रक्तगट करून घेतला: बी पॉझिटिव्ह. त्याचा ओ पॉझिटिव्ह आहे. रिपोर्ट आणि दोन्ही पत्रिका सोबत पाठवते. तिचं हिमोग्लोबिन लहानपणापासून जरा कमी असतं, माझंही तसंच, लोहाच्या गोळ्या चालू असतात. ते काही स्थळाला सांगितलेलं नाही, उगाच कशाला. शांती करून होकार द्यावा, की नाडी टाळायचीच?

— एक आई, नाशिक

ताई,

तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी पत्रिकांच्या आधी वाचला. खाली ठळक अक्षरांत रक्तगट छापलाय, तेवढाच तुम्ही पाहिलात. लॅबने त्यासोबत पूर्ण सीबीसीही करून दिली आहे. तिच्या वरच्या ओळी अशा आहेत: हिमोग्लोबिन १०.६, लाल पेशींची संख्या ५.६ दशलक्ष, एमसीव्ही ६३. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० असायला हवं. तुमच्या मुलीच्या पेशी लहान आहेत, पण संख्येने भरपूर आहेत.

अंगात लोह कमी असलं की पेशी लहान होतातच, पण त्यांची संख्याही सहसा कमी होते, कारण शरीराला त्या बनवायला माल पुरत नाही. इथे पेशी भरपूर बनताहेत आणि तरीही बारीक राहताहेत. डॉक्टर यासाठी एक सोपा भागाकार करतात. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं. ६३ भागिले ५.६ म्हणजे सव्वाअकरा. उत्तर तेराच्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे बोट जातं, तेराच्या खाली आलं तर बीटा थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषाकडे. हा भागाकार निदान करत नाही, फक्त पुढची तपासणी कुठली करायची ते सांगतो. पण त्याला लहानपणापासूनचं कमी हिमोग्लोबिन, गोळ्या घेऊनही न भरणारं रक्त आणि ‘माझंही तसंच’ हे तुमचे शब्द जोडले, की मला गप्प बसवत नाही. थॅलेसेमिया मायनर आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि तो असलेल्या माणसाला वाहक म्हणतात. तुम्ही वाहक असाल, तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे.

वाहक असणं हा आजार नाही, हे आधी नीट ऐका. मायनर असलेली बाई नोकरी करते, बाळंत होते, म्हातारी होते. प्रश्न उभा राहतो तो नवराही वाहक असला तर. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्माला येईल. प्रत्येक वेळी, नव्याने. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. मेजर असलेल्या मुलाला वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध द्यावं लागतं, तेही आयुष्यभर. बोन मॅरो प्रत्यारोपणाने बरं होता येतं, पण जुळणारा दाता आणि पैसा, दोन्ही हातात असावे लागतात.

‘संततीचा त्रास’ असं गुरुजी म्हणाले. ती काळजी खरीच आहे, फक्त तिचं उत्तर नाडीत नाही. नाडी ठरते जन्मवेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता यावरून. सत्तावीस नक्षत्रं नऊ-नऊ करून आद्य, मध्य आणि अंत्य अशी वाटलेली आहेत. चंद्र एका नक्षत्रात जवळपास एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या जवळपास सगळ्या बाळांची नाडी एकच, मग त्यांचे आईवडील कोणीही असोत. आणि रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं घेतली तरी ढोबळमानाने तिनातल्या एका जोडीची नाडी सारखी निघणार. छत्तीस गुणांतले आठ या एका कुटाला दिलेत, म्हणून त्याची एवढी धास्ती. तुमची श्रद्धा असेल तर शांती करा, मी अडवणार नाही. पण तिने रक्तातलं काही बदलत नाही.

भावाचं रक्तगटाचं म्हणणं तर सोडूनच द्या. नाडी म्हणजे रक्तगट हे कुणीतरी अलीकडे जोडून दिलं आहे. नवराबायकोचा रक्तगट एक असला म्हणून मुलांना काही होत नाही, वेगळा असला म्हणून ती वाचत नाहीत. रक्तगटात पाहायचं ते एवढंच, की मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह आहे का. तसं असेल तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. तुमची मुलगी पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे तोही प्रश्न नाही.

आता करायचं काय ते सांगते. ‘हिमोग्लोबिन एचपीएलसी’ नावाची तपासणी या आठवड्यात मुलीची करून घ्या आणि सोबत अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण कळतं. ते चार टक्क्यांच्या वर असेल तर ती वाहक आहे असं डॉक्टर धरतात. काठावर आलं, म्हणजे साडेतीन-चारच्या मध्ये, तर रक्तविकारतज्ज्ञाला दाखवा. फेरिटिन यासाठी, की खरोखरच लोह कमी असेल तर ए-टूचा आकडा खाली ओढला जातो आणि वाहक माणूस निर्दोष दिसू शकतो. रक्त एकदाच काढावं लागतं. मोठ्या लॅबमध्ये एचपीएलसीला हजाराच्या आगेमागे रुपये पडतात. लोहाच्या गोळ्यांचं पुढे काय करायचं ते फेरिटिन पाहून डॉक्टर ठरवतील. इतकी वर्षं ते न बघताच गोळ्या चालू राहिल्या, याचा मला राग येतो आहे. तुमच्यावर थोडा, लिहून देणाऱ्यांवर जास्त.

मुलीच्या आकड्यासाठी न थांबता मुलाचीही एचपीएलसी. त्याचं हिमोग्लोबिन पंधरा असलं आणि तो रोज व्यायाम करत असला तरीही. तो मूळ चंद्रपूरकडचा आहे, म्हणून मी यावर जोर देते आहे. विदर्भात अनेक समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण जास्त आहे आणि सिकलसेलच्या वाहकाचं साधं रक्त बहुतेक वेळा अगदी चांगलं दिसतं. एकाकडे थॅलेसेमिया आणि दुसऱ्याकडे सिकलसेल असेल, तरी मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता तीच, चारात एक. एचपीएलसीत दोन्ही दिसतात. आणि ‘आमच्याच जातीतलं’ हे तुम्ही जमेच्या बाजूला लिहिलंय. जनुकांच्या हिशोबात ते जमेचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत लग्नं झालेल्या समाजात असा दोष असेल, तर तो दोन्ही घरांत असण्याची शक्यता वाढते. सगोत्र टाळून हे टळत नाही, कारण गोत्र फक्त बापाच्या बाजूने मोजलं जातं आणि तुमच्या मुलीकडे हे बहुधा तुमच्याकडून आलंय.

लग्न झाल्यावर बघू, असं म्हणू नका. त्यात काय होतं ते मी या स्तंभाला आलेल्या पत्रांत वाचलं आहे. सून डॉक्टरकडे जाते तोवर तिसरा महिना संपत आलेला असतो. रिपोर्ट येतो, पेशी लहान दिसतात, आधी महिनाभर लोह देऊन बघतात. मग तिची एचपीएलसी. मग नवऱ्याला रजा मिळेपर्यंत थांबणं, मग त्याची. मग दोघांच्या जनुकातला नेमका दोष शोधायचा, त्याला आणखी आठवडे. गर्भाची तपासणी वारेचा नमुना घेऊन दहा ते बारा आठवड्यांत होऊ शकते, ती वेळ कधीच निघून गेलेली असते. तेच आधी माहीत असेल, तर दोघं वाहक असूनही लग्न करता येतं. दोघांचे जनुकदोष आधीच नोंदवून ठेवायचे, दिवस राहिल्याचं कळताच तपासणी करायची आणि निर्णय त्या दोघांनी घ्यायचा. तो त्यांना झेपणार नसेल तर आज थांबायचं. दोघांपैकी एकच वाहक निघाला तर या कारणासाठी लग्न अडवायचं काहीच कारण नाही. मुलांपैकी कुणी वाहक असेल एवढंच, आणि त्यांनी पुढे आपल्या लग्नाआधी तपासणी करावी.

सायप्रसमध्ये थॅलेसेमिया इतका पसरला होता, की तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. निकाल काहीही आला तरी चर्च लग्न नाकारत नाही, फक्त दोघांना माहीत असायला हवं. तिथे मेजर मुलांचे जन्म जवळपास थांबले. तुमच्या गुरुजींना हे सांगा. पत्रिकेसोबत एचपीएलसीचा कागद आणा, असं एका गुरुजींनी म्हटलं तर पंचक्रोशीतली घरं ऐकतील. माझं कोणी ऐको न ऐको.

बाकीच्या चौकशीबद्दल थोडक्यात. पगाराच्या पावतीवर उत्पन्न दिसतं, कर्ज पूर्ण दिसत नाही. फ्लॅटचा इंडेक्स टू बघा, म्हणजे तो कोणाच्या नावावर आहे ते कळेल, आणि दोघांनी एकमेकांना सिबिलचा रिपोर्ट दाखवावा. सोसायटीतून ‘शांत मुलगा’ असं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर मी फार विसंबणार नाही.

त्याचा स्वभाव तुम्हाला या रिपोर्टवरूनच कळेल, म्हणून तो तुम्ही किंवा दिरांनी पाठवू नका. मुलीने स्वतः त्याला फोन करावा. ‘माझ्या रक्तात असं दिसतंय, मी तपासणी करते आहे, तूही कर’, एवढंच बोलावं. ‘उगाच कशाला’ म्हणत तुम्ही जे झाकलंत ते तिने सांगावं, कारण ते तिचं रक्त आहे आणि मुलंही तिचीच असणार आहेत. तो ‘कुठल्या लॅबमध्ये जाऊ’ असं विचारेल, किंवा ‘घरच्यांना विचारून सांगतो’ म्हणून चार दिवस गायब होईल. आईने नको म्हटलं म्हणून रक्त द्यायला न जाणारा मुलगा उद्या मुलीच्या बाळंतपणातही आईलाच विचारेल. असं झालं तर नाडी जुळत असती तरी मी नाही म्हणाले असते.

दोघांचे कागद हातात येईपर्यंत होकार देऊ नका, नकारही देऊ नका, साखरपुड्याची तारीख काढू नका. आणि मुलीसोबत तुमचंही रक्त द्या. तिला भाऊ किंवा बहीण असेल, तर त्यांनाही बरोबर न्या.

— माई