६२ की ६८? पेढे वाटपाचं उत्तर आणि उत्तरतालिकेशी भांडण

«१० एकसारखे पेढे ४ मुलांत वाटायचे, एखाद्याला शून्य मिळाला तरी चालेल, पण कोणालाही ४ पेक्षा जास्त नाहीत. उत्तरतालिकेत ६२ प्रकार दिलेत. मी वहीत एकेक करून मोजले तर ६८ येतात. दोनदा मोजलं. हरकत घेऊ का?»

घ्या. ६८ बरोबर आहे.

तुमची पोस्ट वाचून जुनी ठसठस वर आली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. चांदण्या आणि उभ्या रेघा म्हणजे काय ते तुम्हाला येत असणारच, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. एक चित्र फक्त समोर ठेवतो, कारण सगळी गंमत त्यातच दिसते:

```
★★★|★|★★★★★★|
```

पहिल्या मुलाला ३, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ६, आणि शेवटच्या रेघेनंतर काहीच नाही म्हणजे चौथा कोरडा. १० चांदण्या, ३ रेघा, एकूण १३ जागा, त्यातल्या रेघांच्या ३ जागा निवडायच्या: C(13,3) म्हणजे २८६. इथवर तालिका करणाऱ्याचंही बरोबर असणार.

पुढे तुमच्या अटीत हे चित्र बसत नाही, कारण तिसऱ्याला ६ गेलेत. असे बाद प्रकार मोजायची रीत म्हणजे त्या मुलाच्या हातात आधीच ५ पेढे ठेवायचे आणि उरलेले ५ चौघांत मोकळेपणाने वाटायचे. ५ चांदण्या आणि ३ रेघा, C(8,3) म्हणजे ५६. हट्टी मूल चौघांपैकी कोणीही असू शकतं, म्हणून ४ × ५६ = २२४. आणि २८६ − २२४ = ६२. झालं, तालिका छापून मोकळी.

आता पहिल्याला ५, दुसऱ्याला ५, बाकी दोघांना शून्य, हे वाटप बघा. पहिला हट्टी धरून ५६ मोजले त्यात हे आलं, आणि दुसरा हट्टी धरून मोजले त्यातही आलं. २८६ मध्ये ते एकदाच होतं, वजा मात्र दोनदा झालं. अशा जोड्या किती? चौघांतले दोघे निवडायचे, ६ प्रकार. प्रत्येक जोडीला ५-५ दिले की वाटायला काही उरतच नाही, म्हणून जोडीमागे एकच वाटप. ते ६ परत मिळवायचे: ६२ + ६ = ६८. तिघांना ५-५ द्यायला १५ पेढे लागतील, तेव्हा पुढे जायची गरज नाही.

ही चूक इतकी चिवट का, याचं माझं मत सांगतो. वर्गात सोडवून दाखवलेलं उदाहरण बहुतेक वेळा छोटं असतं. ९ पेढे घ्या: C(12,3) = २२०, त्यातून ४ × C(7,3) म्हणजे १४० गेले, उरले ८०, आणि ८० खरोखर बरोबर आहे, कारण ९ पेढ्यांत दोघांना ५-५ देता येतच नाहीत. पोरं ‘एकूण वजा बाद’ एवढंच पाठ करून येतात. पेढा एक वाढला की रीत मोडते, पण उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही. १२ पेढे घेतले असते तर लगेच उघडं पडलं असतं: C(15,3) = ४५५, वजा ४ × C(10,3) म्हणजे ४८०. प्रकार निघाले उणे २५! तिथे ६ × C(5,3) म्हणजे ६० परत मिळवले की ३५ येतात.

ताळा घ्यायला मला आवडतो तो असा. प्रत्येक मुलासमोर ४ खणांचा डबा ठेवा. एकूण १६ खण, १० भरले, ६ रिकामे. म्हणजे ६ रिकामे खण ४ डब्यांत कसे विभागले जातील तेवढंच मोजायचं, एका डब्यात जास्तीत जास्त ४. C(9,3) = ८४. बाद कोणते? एका डब्यात ५ किंवा ६ रिकामे: ५ बाजूला ठेवले की १ उरतो, C(4,3) = ४, असे चार डबे, १६. दोन डब्यांत ५-५ रिकामे धरायला मुळात १० हवेत, म्हणून दोनदा वजा व्हायची भानगडच नाही. ८४ − १६ = ६८. पेढे जास्त आणि मर्यादा घट्ट असेल तर मी सरळ रिकाम्या खणांकडूनच सुरुवात करतो.

हरकतीबद्दल. (प्रत्येक परीक्षेचे नियम वेगळे, तुमची सूचना नीट वाचा, माझं ऐकून पैसे गेले तर मी जबाबदार नाही.) आमच्या वेळी ज्या कार्यालयाशी गाठ पडली त्याचं नाव घेत नाही. प्रश्न याच जातीचा होता, फक्त लाडू होते. हरकतीचं शुल्क प्रश्नागणिक, आणि पुरावा म्हणून ‘प्रमाणित पुस्तकाचं पान’ जोडा असा हट्ट. अहो, नेमके इतके लाडू आणि इतकी मुलं कुठल्या पुस्तकात छापलेली असणार? सगळी वाटपं हाताने लिहून जोडली तर ‘हस्तलिखित ग्राह्य नाही’. फोन केला की दुसरा विभाग, दुसऱ्या विभागात साहेब रजेवर. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं की तज्ज्ञ समितीच्या मते तालिकेतला पर्याय योग्य आहे. कोणत्या पायरीवर योग्य, ते नाही. तो गुण गेला तो गेलाच, शुल्कही गेलं.

म्हणून माझा सल्ला, पटला तर घ्या. सूत्रावरून वाद घालू नका. सूत्राला सूत्र भिडलं की खुर्चीवरचा माणूस आपलंच धरतो. ज्या ६ वाटपांवरून घोळ झालाय ती टाईप करून द्या, आणि खाली पूर्ण यादी गटांनी द्या. ४-४-२-० चे १२, ४-४-१-१ चे ६, ४-३-३-० चे १२, ४-३-२-१ चे २४, ४-२-२-२ चे ४, ३-३-३-१ चे ४, ३-३-२-२ चे ६. बेरीज ६८. ही यादी पाचवीतलं पोरही तपासू शकतं. पुस्तकाचं पान मागितलंच तर ‘दोनदा वजा झालेलं परत मिळवणे’ हा समावेश-वगळणीचा नियम ज्या पानावर आहे ते जोडा, आकडे जुळायची गरज नाही. कॉम्प्युटर जवळ असेल तर एवढं पुरे:

```python
from itertools import product
print(sum(1 for t in product(range(5), repeat=4)
          if sum(t) == 10))
```

जाता जाता एक. पुढचा प्रश्न ‘शक्यता किती’ असा असेल आणि प्रत्येक पेढा चिठ्ठी टाकून कोणाला तरी दिला असेल, तर ६८ भागिले २८६ करू नका. ती २८६ वाटपं सारख्या शक्यतेची नसतात. सगळे १० पहिल्यालाच जाणं एकाच रीतीने घडतं, पण पहिल्या दोघांना ३-३ आणि पुढच्या दोघांना २-२ हे २५,२०० रीतींनी. तिथे छेदात ४ चा दहावा घात येतो, म्हणजे १०,४८,५७६. या प्रश्नावरही तालिका चुकलेली पाहिली आहे, पण ती कहाणी इथे नको, रक्तदाब वाढतो.