मुलगी थांबली, वेणी अजून थांबायची आहे

तुझा अ‍ॅनिमेशनचा शॉट पाहिला. मुलगी ठाणे स्टेशनच्या फलाटावर धावत येते आणि विसाव्या फ्रेमला थांबते, ते छान जमलंय. पण वेणीही विसाव्यालाच थांबते, म्हणून ती काठीसारखी दिसते.

आधी फक्त शरीर पक्कं कर, वेणीला हातही लावू नकोस. मग वेणीच्या चार सांध्यांपैकी मुळाचा सांधा घे. धावताना वेणी मागे ओढली जात होती. डोकं थांबलं की मूळ पुढे झुलतं. त्याचं सगळ्यात पुढचं स्थान २४व्या फ्रेमला ठेव, दुसऱ्या सांध्याचं २६, तिसऱ्याचं २८, शेंड्याचं ३०. खरी गंमत २७-२८च्या आसपास आहे: मूळ मागे परतायला लागलेलं असतं आणि शेंडा अजून पुढेच जात असतो. तिथे वेणीला उलटसुलट बाक दिसलाच पाहिजे. तो दिसला नाही तर सांध्यासांध्यातलं अंतर एकेक फ्रेमने वाढव.

परतीचा झोका पहिल्याच्या साधारण निम्मा ठेव, त्यापुढचा आणखी लहान. मूळ आधी स्थिरावेल, शेंडा सगळ्यात शेवटी.

नुसत्या की-फ्रेम पुढे सरकवून भागत नाही. प्रत्येक सांधा वरच्याचं फिरणं घेऊनच हलतो, त्यामुळे शेंडा कधीकधी चाबकासारखा फटकारतो. शेंड्याचा मार्ग स्क्रीनवर काढून बघ; वळणाला कोपरा दिसला तर तिथल्या सांध्याचा कोन कमी कर.

दाट, तेल लावलेल्या वेणीला एक-दोन झोके पुरेत. मोकळे केस जास्त वेळ घेतात.