पोस्टरमधला ‘ॲनिमिया १३ टक्क्यांनी वाढला’ हा दावा कसा तपासायचा?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर एका पोस्टरचा फोटो आलाय. ‘लॉकडाऊनचा फटका: महाराष्ट्रातल्या महिलांमध्ये ॲनिमिया १३ टक्क्यांनी वाढला’ असं लिहिलंय. ४८.० आणि ५४.२ असे दोन बार आहेत, दुसरा पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. खाली ‘स्रोत: एनएफएचएस-५, २०१९-२१’. हे खरं मानायचं का?

उत्तर: एनएफएचएस-५ म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी. दोन्ही आकडे खरे आहेत, बारची उंची फसवी आहे आणि लॉकडाऊनचं कारण साफ चुकीचं आहे.

फोटोत आकडे पुसट असतात, म्हणून मी आधी ते एकमेकांशी जुळतात का ते बघतो. ५४.२ वजा ४८.० म्हणजे ६.२. त्याला ४८.० ने भागलं की १२.९ टक्के येतात, म्हणजे मथळ्यातले १३ इथूनच आले. ४८ च्या जागी ४६ असते तर वाढ जवळपास १८ टक्के निघाली असती, त्यामुळे आकडे वाचताना चूक झालेली नाही हेही कळलं. पण ‘१३ टक्क्यांनी वाढला’ वाचून बहुतेकांना वाटतं की दर शंभर महिलांमागे तेरा जणी वाढल्या. प्रत्यक्षात वाढल्या सहा. जिथे मूळ आकडाच टक्क्यांत असतो, तिथे ‘६.२ पर्सेंटेज पॉइंटने वाढला’ असं लिहायला हवं, नाहीतर सरळ ‘४८ वरून ५४’.

आता बार. आधी फोटो सरळ करा. पोस्टर खालून किंवा बाजूने टिपलेलं असेल तर लांबचा भाग आखडतो आणि मोजमाप चुकतं. कागद स्कॅन करण्याच्या कुठल्याही ॲपमध्ये पोस्टरचे चार कोपरे पकडले की चौकट ताठ होते. मग स्क्रीनवर पट्टी धरून दोन्ही बारची उंची मोजा. समजा २१ आणि ६३ मिलिमीटर भरली, तर गुणोत्तर ३. यावरून बार कुठल्या आकड्यापासून सुरू केलेत ते काढता येतं:

```
(३ × ४८.० − ५४.२) ÷ (३ − १) = ४४.९
```

म्हणजे आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी ४५ च्या आसपास सुरू होतो. पहिल्या बारला ३ एककं उंची मिळाली आणि दुसऱ्याला ९. खाली दोघांचे सारखेच ४५ कापले गेले. शून्यापासून काढले असते तर दुसरा बार पहिल्याच्या जेमतेम १.१३ पट दिसला असता. रेषांच्या आलेखात अक्ष मधून सुरू केलेला चालतो, कारण तिथे आपण चढ-उतार वाचतो. बारमध्ये आपण लांबी वाचतो, म्हणून तिथे तो चालत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा: फोटो काढणाऱ्याने बारचा तळच कापला असेल तर दोष पोस्टरचा नाही. खालची आडवी रेषा आणि वर्षांची नावं फोटोत दिसतात ना, हे बघूनच बोला.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी स्रोताची, आणि तीच बहुतेक जण टाळतात. `NFHS-5 Maharashtra State Fact Sheet` असं शोधा. त्यात एनएफएचएस-५ साठी शहरी, ग्रामीण आणि एकूण असे तीन रकाने आहेत, तर २०१५-१६ च्या एनएफएचएस-४ साठी फक्त एकूण. नव्या फेरीतला ग्रामीण आकडा जुन्या एकूणशेजारी ठेवण्याची चूक इथेच होते. तुमच्या पोस्टरने ती केलेली नाही: १५ ते ४९ वयोगटातल्या सर्व महिलांच्या ओळीत ५४.२ आणि ४८.० हेच आहेत.

ओळ मात्र नीट बघा. गरोदर महिलांची ओळ वेगळी आहे आणि तिथली मर्यादाही वेगळी: त्यांच्यासाठी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली, इतरांसाठी १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. ‘महिला’ लिहून आकडा गरोदर महिलांचा दिलेली पोस्टरं फिरत असतात.

आता ‘लॉकडाऊनचा फटका’. ‘२०१९-२१’ हा संपूर्ण देशाच्या फेरीचा काळ आहे. हे काम दोन टप्प्यांत झालं आणि महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता. तो टप्पा जून २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये आटोपला, लॉकडाऊन लागला मार्च २०२० मध्ये. ज्या महिलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हा ५४.२ चा आकडा आला, त्यांनी तोवर लॉकडाऊन पाहिलाच नव्हता. हे खोडून काढायला फॅक्ट शीटच्या प्रास्ताविकातला सर्वेक्षणाच्या तारखांचा परिच्छेद पुरतो. त्याचाच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका.

हाच दावा उत्तर प्रदेश किंवा मध्य प्रदेशाबद्दल असता तर तारखांवरून तो इतका सहज खोडता आला नसता. ती राज्यं दुसऱ्या टप्प्यात होती आणि तो टप्पा जानेवारी २०२० ते एप्रिल २०२१ असा लॉकडाऊनच्या आधी-नंतर पसरलेला आहे. तिथे एकूण आकड्यात दोन्ही काळ मिसळलेले असतात, त्यामुळे त्यावरून लॉकडाऊनचा परिणाम सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही.