बाईंचा आवाज तयार करण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. आता हयात नसलेल्या बाईंच्या जुन्या मुलाखतींच्या चौदा कॅसेट, त्यांतून साफ निघालेलं सहाएक तासांचं बोलणं, बाईंची पाच पत्रं आणि त्यांच्या मुलाचा व्हॉट्सअॅपवर आलेला होकार. ती पत्रं माहितीपटात संगणकानं बनवलेल्या बाईंच्याच आवाजात ऐकू यावीत, असं तुमच्या मनात आहे. आवाज जमेल का, हे तू विचारलं नाहीस. बरोबरच आहे. हल्ली काही सेकंदांच्या नमुन्यावरूनही ओळखू येण्याइतका आवाज निघतो, तुझ्याकडे तर सहा तास आहेत. तू विचारलंस ते इतकंच, की मुलाचा होकार पुरेल ना, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत एक ओळ टाकली की भागेल ना. माझ्या मते दोन्ही पुरत नाहीत.

आधी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका वयस्क गृहस्थांच्या मुलाखतीचं संपादन करत होते. एका ठिकाणी ते ‘बावन्न साली’ म्हणाले, कागदपत्रांत त्रेपन्न होतं. एका शब्दासाठी त्यांना पुन्हा कुठं बोलवायचं, म्हणून मी त्यांच्याच ध्वनिमुद्रणावरून आवाज बनवला आणि ‘त्रेपन्न’ एवढा शब्द तिथं बसवला. जोड कुणाला कळली नाही याचा मला आनंदही झाला होता. कार्यक्रम ऐकून त्यांचा फोन आला. ‘मी बावन्न म्हणालो होतो. कागद चुकलाय. मी तिथं होतो.’ संपादनाला त्यांची लेखी परवानगी होती, पण संपादन म्हणजे बोललेल्यातून निवडणं. न बोललेलं वदवून घेणं हे निराळं काम आहे आणि त्याची परवानगी मी मागितलीच नव्हती.

तुझ्या कॅसेटचंही तसंच आहे. बाईंनी सही केलेल्या कागदावर ‘संशोधन व प्रसारणासाठी’ असं आहे म्हणतोस. सही करताना त्यांच्या डोक्यात काय असणार? मी बोलले ते वाजवा, एवढंच. कॅनडातल्या बेव्ह स्टँडिंग या आवाज-कलाकार बाईंनी २०१८ मध्ये भाषांतराच्या कामासाठी म्हणून वाक्यं ध्वनिमुद्रित करून दिली होती. पुढं त्यांचा आवाज टिकटॉकवर लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज म्हणून ऐकू येऊ लागला आणि लोक त्यात वाटेल ते, अगदी शिव्यासुद्धा, टाइप करू लागले. २०२१ मध्ये त्या कोर्टात गेल्या, पुढं तडजोड झाली. त्यांची तक्रार मला नेमकी वाटते, कारण ध्वनिमुद्रण त्यांनी राजीखुशीनं केलं होतं. त्यातून पुढं कुठली वाक्यं निघतील, हे मात्र त्यांच्या हातात राहिलं नाही.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक कॅसेटसाठी वहीत एक पान कर. ध्वनिमुद्रण कुणी केलं, बाईंना काय सांगून केलं, त्याचे हक्क आज कुणाकडे आहेत आणि टेपवर आणखी कोण बोलतं. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. मुलाखतकाराचे ‘हं, हं’ बाईंच्या वाक्यांवर चढलेले असतील, तर ते तुकडे काढून टाक. मुलाखतकाराच्या आवाजाला कुणी होकार दिलेला नाही, शिवाय त्यानं तुझा नमुनाही गढूळ होतो.

आणखी एक गोष्ट कानानंच ऐकावी लागेल. जुन्या मुलाखतींत माणसं मध्येच ‘हे बंद करा, मग सांगते’ म्हणतात आणि पुष्कळदा टेप चालूच राहिलेली असते. तू आपोआप तुकडे पाडणारी स्क्रिप्ट चालवलीस की ते बोलणंही निमूटपणे प्रशिक्षणाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. बाईंनी जिथं स्पष्ट नको म्हटलंय, तिथून त्यांचा आवाज घडवायचा नाही. सहा तास ऐकायला दोन दिवस जातील, जाऊ देत.

आता मुलाच्या होकाराबद्दल. वारसाची परवानगी हवीच, पण ती बाईंची परवानगी नव्हे. रॉजर ईबर्ट या चित्रपट समीक्षकांचा आवाज २००६ मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर गेला. त्यांनी स्वतः एडिंबरोच्या सेरेप्रॉक कंपनीला गाठलं आणि चित्रपटांवरच्या त्यांच्या जुन्या समालोचनांच्या ध्वनिमुद्रणांतून २०१० मध्ये त्यांचा संगणकी आवाज तयार झाला. तिथं ध्वनिमुद्रणं जुनी असली तरी बोलायचं काय, ते ईबर्ट स्वतः टाइप करत होते. तुझ्याकडे तसं कुणी नाही.

तुझ्या प्रकल्पाच्या जास्त जवळचं उदाहरण टीव्हीवर खाद्यप्रवासाचे कार्यक्रम करणारे शेफ अँथनी बोर्डेन यांचं. २०१८ मध्ये ते गेले आणि २०२१ मध्ये त्यांच्यावरच्या माहितीपटात दिग्दर्शकानं काही वाक्यं त्यांच्या बनवलेल्या आवाजात घातली. त्यातलं एक त्यांनी एका चित्रकार मित्राला लिहिलेल्या मेलमधलं होतं. चित्रपटात कुठंही तसं सांगितलं नव्हतं, मुलाखतीत विषय निघाला तेव्हा लोकांना कळलं. दिग्दर्शक म्हणाले, घरच्यांना विचारलं होतं. बोर्डेन यांच्या पत्नीनं जाहीरपणे सांगितलं की हे चालेल असं मी तरी म्हटलेलं नाही. (तुझ्या बाईंना मुलगीही आहे, असं मेलच्या तळाशी लिहिलंयस. तिला कुणी विचारलंय का?)

त्या वादात बहुतेक जण म्हणत होते की शब्द तर त्यांचेच होते. माझं तिथंच अडतं. तुझं तिसरं पत्र घे. त्यात बाई लिहितात, ‘ठीक आहे, तुमच्या मनासारखं होऊ दे.’ हे वाक्य कागदावर आहे तोवर त्यात सुटकाही आहे, चीडही आहे आणि थकवाही. मॉडेलला ते बोलायला लावलंस की ‘ठीक आहे’नंतर किती थांबायचं, ‘तुमच्या’वर जोर द्यायचा की नाही, हे कुठंतरी ठरणारच. तू त्याची पाच रूपं काढशील, त्यातलं एक ‘अगदी बाईंसारखं’ वाटेल आणि तेच ठेवशील. ती निवड तुझी असेल, पण ऐकणाऱ्याला ती बाईंची वाटेल. नटानं वाचलं असतं तर प्रेक्षकाला कळलं असतं की हा कुणीतरी लावलेला अर्थ आहे. बाईंच्या आवाजात तो अर्थ पुरावा होऊन बसतो.

मी असते तर पाचांपैकी दोनच पत्रं या आवाजात घेतली असती: शाळेच्या इमारतीचं आणि प्रवासाचं. त्या दोन्ही विषयांवर बाई कॅसेटमध्ये भरपूर बोलल्या आहेत, त्यामुळे त्यांचा सूर काय होता हे ताडून पाहता येतं. बाकीची तीन एखाद्या नटीला वाचू दे किंवा नुसती पडद्यावर दाखव. मुलाला आणि मुलीला त्या दोन पत्रांची छापील प्रत आणि तयार आवाज दोन्ही दे आणि नको वाटेल ते वाक्य खोडायला सांग. ‘आईचा आवाज वापरायला हरकत नाही’ या ओळीपेक्षा खोडाखोड केलेला तो कागद कितीतरी मोलाचा.

संमतीपत्रात आणखी एक कलम घाल: होकार मागे घेतला तर काय करणार. हे तू कुठली पद्धत वापरतोस त्यावर ठरतं. नमुन्याची छोटी क्लिप देऊन आवाज काढत असशील, तर ती क्लिप आणि तिच्यावरून साठवलेली आवाजाची आकडेवारी पुसली की काम झालं. सहा तासांवर मॉडेल पुढं प्रशिक्षित केलंस, तर कॅसेट मॉडेलमध्ये विरघळलेल्या असतात. एक कॅसेट परत काढता येत नाही, सगळं मॉडेल, मधल्या टप्प्यांच्या प्रती आणि बॅकअप पुसावे लागतात. तुला दोन पत्रांपुरता आवाज हवाय, तेव्हा पहिल्या पद्धतीनं भागतंय का ते आधी बघ. आणि जे काही करशील ते स्वतःच्या संगणकावर कर. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवलेलं पुसलं गेलं याची खात्री तू मुलीला कशी देणार?

आता लेबल. ‘एआयच्या साहाय्यानं’ ही ओळ मला अजिबात नको. बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ २०२३ मध्ये आलं. त्यातला जॉन लेनन यांचा आवाज खराच आहे. जुन्या कॅसेटवर पियानो आणि विजेच्या गुणगुणाटाखाली दबलेला तो आवाज यंत्रानं फक्त वेगळा काढला. पण आधी ‘एआय’ हा शब्द बाहेर पडला होता, त्यामुळे पुष्कळांना तो बनावट वाटला आणि खुलासा करावा लागला. तूही कॅसेटची खरखर यंत्रानंच काढणार आहेस. मग एकाच ओळीत सफाई आणि निर्मिती दोन्ही आल्या, तर बाईंचं खरं बोलणंही संशयात जाईल. लेबलनं तीन गोष्टी सांगाव्यात: शब्द कुणाचे, आवाज कशानं बनवला आणि हे त्या प्रत्यक्ष बोलल्या होत्या की नाही. ‘पत्र बाईंचं. आवाज संगणकानं त्यांच्या जुन्या मुलाखतींवरून बनवलेला. हे त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही.’ हे निवेदकाच्या आवाजात, प्रत्येक पत्राच्या आधी यावं. श्रेयनामावली येईपर्यंत अर्धे लोक उठलेले असतात.

आणि एक चाचणी कर. तयार फाइलच्या मधून, पत्राच्या ऐन भागातले वीस सेकंद काप, मेसेजिंग अॅपवरून स्वतःला पाठव आणि नुसतं ऐक. निवेदन गळालेलं असेल. फाइलच्या माहितीत लिहिलेली टीपही बहुधा गळालेली असेल, कारण रूपांतर होताना ती सहज जाते. न ऐकू येणारा वॉटरमार्क घातलास तर तो साध्या कॉम्प्रेशनमधून बऱ्यापैकी टिकतो, पण ज्याच्याकडे तो शोधायचं साधन आहे त्यालाच सापडतो. बाईंच्या एखाद्या पुतण्याच्या फोनवर ते वीस सेकंद आले, तर त्याच्यासाठी त्या बाईच आहेत. मी यावर एकच उपाय वापरते. बनवलेल्या आवाजाचा सलग तुकडा दहाबारा सेकंदांपेक्षा लांबू देत नाही, मध्ये निवेदकाला आणते: ‘पुढं त्या लिहितात...’ कुठूनही कापलं तरी हा दुसरा आवाज आत राहण्याची शक्यता वाढते. लय थोडी तुटते, दिग्दर्शक कुरकुरेल.

संग्रहालयाला माहितीपटाची प्रत देशील तेव्हा सोबत एक तक्ता दे: कुठल्या मिनिट-सेकंदापासून कुठपर्यंत आवाज बनवलेला आहे. माझ्या ‘त्रेपन्न’चा असा तक्ता नव्हता. मूळ टेप होती म्हणून ‘बावन्न’ परत बसवता आलं, पण आधी वाटलेल्या प्रतींत अजून त्रेपन्नच आहे.

मुलीशी बोलणं झालं की कळव. आणि तिसरं पत्र मला पूर्ण पाठव, एकदा वाचायचंय.

तुझी,
ताई