एक प्रसंग, अनेक प्रश्न

मुलाखतीसाठी उत्तरे पाठ करण्यापेक्षा स्वतःचे पाच-सहा प्रसंग नीट लिहून ठेवा. समजा, 2019 च्या महापुरात सांगलीतल्या एका मदत केंद्रावर एकाच घरी दोनदा शिधा जातो हे पाहून, ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा विरोध असतानाही, तुम्ही गल्लीनिहाय वही सुरू केलीत. मतभेदाविषयी विचारले तर त्यांची समजूत कशी घातली हे सविस्तर सांगा. पुढाकाराविषयी विचारले तर वहीपासून सुरुवात करा. अपयशाविषयी विचारले तर मात्र हा प्रसंग ओढूनताणून बसवू नका, त्यासाठी दुसराच हवा. सांगताना सतत ‘आम्ही केले’ येत असेल तर तुमचा वाटा समोरच्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रसंगाखाली स्वतःचा निर्णय आणि त्याचा परिणाम वेगळा लिहा.