‘पटतं का?’ असं विचारूच नका

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या प्रोजेक्टसाठी नागपूर मेट्रोवर सर्वे करतोय. ‘मेट्रोमुळे प्रवास सोयीचा झाला, हे तुम्हाला पटतं का?’ यावर गाईड म्हणाल्या, प्रश्नच उत्तर सुचवतोय. कसा बदलू?

उत्तर: मॅडमचं बरोबर आहे. सीताबर्डीला घाईत चाललेल्या माणसाला ‘पटतं का?’ विचारलं की तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मेट्रोत कधी न बसलेलासुद्धा. आणि ‘सोयीचा झाला’ हा निकाल तर तुम्हीच आधी देऊन टाकलाय.

म्हणून आधी विचारा: ‘गेल्या 7 दिवसांत मेट्रोने किती वेळा प्रवास केला?’ शून्य म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न नको. बाकीच्यांना: ‘घरून कामाच्या ठिकाणी जायला मेट्रो तुम्हाला कितपत सोयीची किंवा गैरसोयीची वाटते?’ दोन्ही बाजू प्रश्नातच आल्या पाहिजेत.

पर्याय: खूप सोयीची, थोडी सोयीची, दोन्ही नाही, थोडी गैरसोयीची, खूप गैरसोयीची. ‘उत्तम, चांगली, बरी, वाईट’ असं ठेवलंत तर तीन दारं एकाच बाजूला उघडतात, मग प्रश्न कितीही साधा असो.

तोंडी विचारताना शेवटी ऐकलेला पर्याय जास्त निवडला जातो. त्यामुळे निम्म्या फॉर्मांवर हाच क्रम उलटा छापा. दोन गठ्ठ्यांची उत्तरं फार वेगळी आली, तर मत नाही, क्रम बोलतोय असं समजा. (विचारताना मान डोलवायची सवय असेल तर तीही आवरा!)

छापण्याआधी आठ-दहा जणांना विचारून बघा: ‘उत्तर देताना डोक्यात काय आलं?’ कुणी तिकिटाचे दर म्हणालं, तर ‘सोयीची’ हा शब्दच अजून मोघम आहे.